दुसऱ्यांदा विचारायचं

नथ्थू मास्तरांनी सगळ्यांना बँडच्या दुकानामागच्या अंगणात बोलावलं, तेव्हा आम्हाला वाटलं नवीन गाणं बसवायचंय. मी ट्रंपेट घेऊन गेलो. गफूरभाई ताशा गळ्यात अडकवूनच आला. मास्तर म्हणाले, "बाजे खाली ठेवा. बसा."

हे सत्त्याण्णव सालचं. आमचा बँड पारोळ्याचा. मास्तर स्वतः क्लॅरोनेट वाजवायचे. साठी उलटलेली, अंगानं काटकुळे, बोलणं कमी. तालमीतसुद्धा कुणी चुकलं तर नुसते मान वळवून बघायचे, तेवढं पुरायचं. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, तोंडावर आली होती. खानदेशात आखाजीपासून लग्नांचा जो धडाका सुरू होतो तो जेठ संपेपर्यंत. एका तिथीला दोन-दोन गावं, दुपारी एकीकडे नवरदेव मारुतीच्या पारावरून मांडवात न्यायचा आणि संध्याकाळी दुसरीकडे वरात. वर ऊन असं की पितळेला हात लावला तर चटका बसावा, आणि अंगात लाल मखमलीचा कोट, गळ्यापर्यंत बटणं लावलेला.

मास्तर उभेच राहिले. हातात काही नसलं की त्यांना हातांचं काय करावं कळत नसे. ते मागे बांधून त्यांनी सुरुवात केली.

"मागच्या आखाजीला पंडित वरातीत पडला. तुम्हाला आठवतं. मी त्याच्यापासून दोन हातांवर होतो. आदल्या दिवसापासून त्याच्या अंगात ताप होता, सकाळपासून त्यानं पाणी घेतलं नव्हतं, पायात गोळे येत होते. यातलं मला काही ठाऊक नव्हतं. तुमच्यापैकी कुणालाही नव्हतं. त्याचा बास सुरात होता, एवढंच आपल्याला माहीत होतं."

पंडित वाचला, पण पुन्हा बासचा तो अवजड भोंगा उचलण्याइतकी ताकद त्याच्यात आली नाही. आता तो भावाच्या दुकानात बसायचा.

"आपले कान फार तयार आहेत," मास्तर म्हणाले. "कुणाचा सूर केसभर उतरला तरी आपल्याला कळतं. माणूस उतरला तर कळत नाही. हे या हंगामात चालायचं नाही. मी जोड्या लावतोय. फुंकणाऱ्याला एक बडवणारा. फुंकणाऱ्याचं तोंड बाज्याला लागलेलं असतं, त्याला हाक मारता येत नाही. बडवणाऱ्यानं त्याच्याकडे बघायचं. आणि त्यानं बडवणाऱ्याच्या हातांकडे. तीनदा विचारायचं. कोट चढवण्याआधी, वरात निघण्याआधी, आणि टेम्पोत परत बसल्यावर. पाणी कधी प्यायलास? पोटात काय आहे? झोप लागली का? लघवी गर्द पिवळी होतेय का?"

मागून कुणीतरी फिसकन हसलं.

"हसा. पण विचारा. डॉक्टरनं पंडितचं हेच विचारलं होतं आणि आपल्याला सांगता आलं नव्हतं. शेवटी विचारायचं, घरी कसं आहे. घरचं माणसाच्या अंगात उतरतं. आणि 'बरंय' हे उत्तर नाही. 'बरंय' म्हटलं की दुसऱ्यांदा विचारायचं. सांगितलं तर ऐकायचं, शहाणपण शिकवायचं नाही. ऐकलेलं टेम्पोत चघळायचं नाही. मला सांगायचं तर त्याला विचारून सांगायचं. जिवावरचं असेल तर न विचारता. घाम थांबला, माणूस बरळायला लागला, की बाजा बंद. नवरदेव घोड्यावर बसून राहिला तरी चालेल. आजारी पडला म्हणून कुणाचा वाटा मी कापणार नाही, हेही ऐकून ठेवा. नाहीतर तुम्ही सांगणारच नाही."

एवढं बोलून ते थांबले, जणू आपण किती बोललो याचं त्यांनाच नवल वाटलं. मग म्हणाले, "झालं. मला बोलायची सवय नाही."

माझी जोडी गफूरभाईशी लागली. गफूर पिंजारी, पन्नाशीचा, आमचा सगळ्यात जुना ताशेवाला. मी तेव्हा अठ्ठावीसचा, बँडचा पहिला ट्रंपेट. गाण्याची उचल माझी असे. मी सुरुवात करायची आणि बाकीच्यांनी मागून यायचं. त्याची मला घमेंडही होती, खोटं कशाला बोलू. मास्तरांचं बोलणं मला पटलं होतं, पण मनात मी ते असं लावून घेतलं की म्हाताऱ्या गफूरभाईची काळजी आता मला घ्यायचीय. मी त्याला विचारायचं. त्यानं मला विचारण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं, आणि जे होतं ते मला कुणी विचारायला नको होतं.

पहिले दोन-चार दिवस सगळ्यांनी या विचारण्याची मस्करी केली. टेम्पो सुटला की एकमेकांच्या लघवीच्या रंगावर असले विनोद चालायचे की ड्रायव्हरला गाडी हाकणं मुश्कील व्हायचं. बाबू ढोलवाला दर थांब्याला मोठ्यानं विचारायचा, "धनराजशेठ, आज केशरी की लिंबू?" धनराज आमचा दुसरा ट्रंपेट, लाजरा पोरगा, नुकतंच लग्न झालेला. तो चिडायचा, पण उत्तर द्यायचा. आणि उत्तर द्यायचं म्हटल्यावर पाणीही प्यायला लागला.

मस्करीतून ते कधी खरं झालं, सांगता येणार नाही. बाबूची दाढ दुखत होती आणि तो दोन दिवस नुसत्या चहावर वाजवत होता, हे धनराजनं विचारलं म्हणून कळलं. मग मास्तरांनी एका रिकाम्या दुपारी त्याला दाताच्या डॉक्टरकडे नेऊन बसवलं. खुळखुळे वाजवणाऱ्या शंकरला झोप लागत नव्हती, कारण घरी भावाभावांत बोलणं बंद होतं. त्यावर कुणी काही करू शकत नव्हतं. त्याच्या जोडीदारानं फक्त रोज विचारलं, "काल बोलला का भाऊ?" एक दिवस शंकर म्हणाला, "बोलला." त्या दिवशी दोघंही उगाचच खुश होते.

एरंडोलच्या बाजूला एका गावात भर दुपारी नवरदेव पाराकडे निघाला होता. माझी उचल झाली, धनराज मागून आला, आणि अर्ध्या गल्लीत बाबूचा ढोल थांबला. ढोल थांबला की सगळं थांबतं. बाबू धनराजच्या तोंडाकडे बघत होता. "याचं कपाळ कोरडंय," तो ओरडला. आम्ही सगळे घामानं निथळत होतो आणि धनराज कोरडा ठणठणीत, चेहरा लालबुंद. त्याला नाव विचारलं तर तो गाण्याचं नाव सांगायला लागला.

मास्तरांनी हात वर केला. बाजा बंद. धनराजला एका ओट्याच्या सावलीत आडवा केला, कोट काढला, शर्ट काढला. घरातल्या बाईनं माठातलं पाणी दिलं. ओली धोतरं त्याच्या मानेला, काखेत, जांघेत लावली आणि दोघांनी टोप्यांनी वारा घातला. तो नीट बोलेपर्यंत मास्तरांनी त्याच्या तोंडाला पाणी लावू दिलं नाही, ठसका लागेल म्हणाले. शुद्धीवर आल्यावर मीठ-साखरेचं पाणी घोट-घोट पाजलं आणि तरीही वऱ्हाडाच्या जीपमधून दवाखान्यात पाठवला, सोबत बाबू. नवरदेव घोड्यावर बसून राहिला. नवरदेवाचा मामा तावातावानं आला, पण ओट्यावरचा पोरगा बघून त्यानं स्वतःच रसवंतीवरून सगळ्यांसाठी उसाचा रस मागवला. दोन दिवसांनी धनराज परत उभा राहिला. तेव्हापासून टेम्पोतली मस्करी चालूच राहिली, पण विचारणं कुणी चुकवलं नाही.

मी मात्र दरवेळी म्हणायचो, "बरंय."

गफूरभाई दुसऱ्यांदा विचारायचा. "झोप?"

"लागली."

"घरी?"

"बरंय."

पाणी, जेवण, ओठ, याबद्दल मी सगळं सांगायचो. ओठ फुटला होता, त्याला तूप लावत होतो, तेही दाखवायचो. घरचं आलं की तुमच्या ताशाचा पट्टा सैल झालाय म्हणायचो, नाहीतर त्यालाच काही विचारायचो. तो सांगायचा. त्याच्या डाव्या कानात सारखी शिट्टी वाजते. धाकटी मुलगी दहावीला आहे आणि तिला गणित अजिबात येत नाही. त्याला रोजे धरून वाजवलेले हंगाम आठवतात. हे सगळं तो माझ्याकडे न बघता सांगायचा, पट्टा ओढता ओढता. मला ते आवडायला लागलं होतं. पण त्यानं माझा प्रश्न मला परत दिला की मी पुन्हा मिटून जायचो. त्यानं कधी जोर केला नाही. दुसऱ्या दिवशी मात्र पुन्हा विचारायचा.

हंगामातली मोठी सुपारी अमळनेरची होती. कापसाच्या जिनिंगवाल्या शेठच्या एकुलत्या मुलाचं लग्न. दुपारी मिरवणूक, संध्याकाळी वरात, आणि शेठनं मास्तरांना मुद्दाम सांगितलं होतं की पारोळ्याचा तो ट्रंपेटवाला हवाच. आम्ही सकाळीच अमळनेरला पोहोचलो. एका शाळेच्या व्हरांड्यात आमची सोय होती. बाकीचे नाश्त्याला गेले. मी आणि गफूरभाई मागे राहिलो होतो. मी कोट चढवून बसलो होतो, मिरवणुकीला अजून बराच वेळ असताना.

"एवढ्यात कोट?" गफूरभाई म्हणाला.

"असू दे."

"पाणी?"

"प्यायलो."

"झोप?"

मी बूट पुसायला घेतले. त्यानं ताशा खाली ठेवला आणि माझ्या शेजारी पायरीवर बसला.

"काल संध्याकाळी दुकानासमोरच्या किराणावाल्यानं तुला फोनवर बोलावलं. तू जाऊन आलास. तेव्हापासून तू चार वाक्यंसुद्धा बोलला नाहीस. मी टेम्पोत विचारणार होतो, पण सगळे होते. फोन कुणाचा होता?"

"सासरवाडीचा."

"काय म्हणाले?"

"काही नाही. बरंय."

मला वाटलं, गफूरभाई आता उठेल. तो उठला नाही. शाळेच्या पटांगणात एक कुत्रं सावली शोधत फिरत होतं, त्याच्याकडे आम्ही दोघं बघत राहिलो. मग त्यानं तोच प्रश्न पुन्हा विचारला, अगदी त्याच आवाजात, जसा पहिल्यांदाच विचारतोय.

"हिरामण, घरी कसं आहे?"

आणि मी सांगायला लागलो.

विमल, माझी बायको, बाळंतपणाला माहेरी होती, चोपड्याजवळ. दिवस भरायला अजून अवकाश होता, पण कालपासून कळा येत होत्या, म्हणून तिला चोपड्याच्या सरकारी दवाखान्यात नेलं होतं. मेहुणा फोनवर म्हणाला होता, घाबरू नका, वेळ आहे, तुमची सुपारी उरकून या. एवढंच असतं तर मी कुणालाही सांगितलं असतं. पण हे आमचं पहिलं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी असाच हंगाम होता. शिरपूरला वाजवत असताना निरोप आला. मुलगा झाला होता आणि राहिला नव्हता. मी पोहोचलो तेव्हा सगळं उरकलं होतं. मी त्याचं तोंडसुद्धा बघितलं नाही. तिसऱ्या दिवशी लग्नाची तिथी होती. बँडमध्ये मी सांगितलं की सासऱ्यांना बरं नव्हतं, आणि उचल घेतली. तेव्हापासून विमलनं मला त्याबद्दल एक शब्द विचारला नाही. मीही तिला विचारलं नाही. या खेपेला माहेरी जाताना ती फक्त एवढंच म्हणाली होती, "हंगाम आहे. तुम्ही येऊ शकणार नाही, ते मला माहीतच आहे." रागानं नाही. पाऊस येईल न येईल असं म्हणावं तसं.

मी सांगत होतो आणि माझ्या कोटाच्या सोनेरी दोऱ्या माझ्याच बोटांनी उसवत होतो. गफूरभाईनं माझा हात धरला नाही, रडू नको म्हणाला नाही, देवाची मर्जी म्हणाला नाही.

"दोन वर्षं," तो म्हणाला. "आणि मी तुझ्या शेजारीच वाजवत होतो."

मग त्यानं विचारलं, "मास्तरांना तू सांगतोस की मी सांगू?"

"नको. आज नको. शेठनं माझ्यासाठी..."

"ते मास्तर बघतील. सांगायचं कुणी, तेवढं बोल."

मी म्हणालो, "तुम्ही सांगा."

मास्तर पोह्यांची बशी हातात घेऊनच आले. गफूरभाईनं त्यांना किती सांगितलं मला माहीत नाही, पण पुष्कळ वेळ लागला नव्हता. त्यांनी मला एकच विचारलं.

"चोपड्याची गाडी किती वाजता आहे?"

"मास्तर, उचल कोण घेणार?"

"धनराज घेईल. चुकला तर मी क्लॅरोनेटवर सावरीन."

"शेठ चिडतील."

"चिडू दे. त्याच्या मुलाचं लग्न आहे, चिडायला त्याला आज फुरसत नाही." आणि मग, जरा हळू, "तू जा रे. तू नसलास तर थोडं कमी वाजेल. तिकडं तुझ्याऐवजी कुणाला पाठवू?"

त्यांनी गफूरभाईला सांगितलं की याला स्टँडवर घेऊन जा आणि हा गाडीत बसेपर्यंत हलू नकोस. कपडे बदलायला माझी पिशवी टेम्पोत होती आणि टेम्पो डिझेल भरायला गेला होता. त्यामुळे मी तसाच निघालो, लाल मखमली कोट, खांद्यावर सोनेरी झुपके, पायात पांढरे बूट. टोपी तेवढी गफूरभाईनं काढून घेतली. गाडी लागल्यावर त्यानं खिडकीतून माझ्या हातात पाण्याची बाटली दिली आणि म्हणाला, "बटणं सोड. आणि तिथं गेल्यावर तिला विचार. पहिल्या उत्तरावर थांबू नकोस."

त्या प्रवासाचं मला आज हसू येतं. कंडक्टरनं तिकीट फाडताना विचारलं, वरात पुढं गेली की मागं राहिली? मी म्हणालो, बायको बाळंत होतेय. त्यानं ते अख्ख्या गाडीला सांगितलं. तापीच्या पुलावर एका म्हातारीनं पुढं सरकून माझ्या ओंजळीत चार खारका ठेवल्या आणि बायकोला खायला दे म्हणाली. चोपड्यात ड्रायव्हरनं गाडी स्टँडच्या थोडी आधीच, दवाखान्याच्या वळणापाशी थांबवली, मला चालावं लागू नये म्हणून. दवाखान्याच्या फाटकावरचा पहारेकरी माझे झुपके बघून ताडकन उभा राहिला आणि त्यानं मला सलाम ठोकला.

बाळंतपणाच्या खोलीबाहेर सासू बसली होती. मला बघून तिनं पदर तोंडाला लावला. नर्सबाई म्हणाल्या, पुरुषांना आत येता येत नाही. मग त्यांनी मला नीट वरपासून खालपर्यंत बघितलं आणि त्यांना हसू आवरेना. म्हणाल्या, दारातून बघा, दोन मिनिटं, आणि काही वाजवू नका.

विमल कुशीवर होती. केस कपाळाला चिकटलेले. तिनं डोळे उघडले आणि माझ्याकडे अशी बघत राहिली, जणू मी तापातला भास आहे.

"हंगाम आहे ना?" ती म्हणाली.

"आहे."

"मग?"

"मास्तरांनी पाठवलं." मग मला गफूरभाईचं आठवलं आणि मी विचारलं, "कशी आहेस?"

"बरी आहे."

मी दारातच उभा होतो. "विमल, कशी आहेस?"

तिनं ओठ घट्ट मिटले. कळ आली होती. ती गेल्यावर म्हणाली, "भीती वाटतेय. मागच्यासारखं होईल म्हणून. सकाळपासून कुणाला सांगितलं नाही."

"मलाही वाटतेय," मी म्हणालो. "मला त्याचं तोंड बघायला मिळालं नाही, ते रोज आठवतं."

"तुमच्यासारखं होतं," ती म्हणाली. "नाक. नाक तुमच्यासारखं होतं."

दोन वर्षांत आम्ही त्याच्याबद्दल बोललेलं हे पहिलं वाक्य. नर्सबाईंनी ऐकलं असावं, कारण त्यांनी मला लगेच बाहेर काढलं नाही. त्यांनी विमलजवळ जाऊन विचारपूस केली, पहिल्या खेपेला काय झालं होतं ते नीट विचारून घेतलं आणि डॉक्टरांना बोलावलं. डॉक्टरीणबाई आल्या, तपासून म्हणाल्या, ठोके छान आहेत, आज आपण सगळे इथंच आहोत. मग मला बाहेर बसवलं.

दुपार किती लांबली मला सांगता येणार नाही. तिकडे अमळनेरला मिरवणूक निघाली असेल, धनराजनं उचल घेतली असेल, असं मनात येत होतं आणि जात होतं. सासूनं मला दोनदा पाणी प्यायला लावलं. आणि मग आतून आवाज आला. आधी बारीक, मांजरीच्या पिलासारखा. मग एकदम खणखणीत, लांबलचक, असा की कॉरिडॉरमधल्या सगळ्यांनी दाराकडे बघितलं. मी आयुष्यभर फुंकणारा माणूस. असा दम मी कुणाचा ऐकला नाही.

सासू म्हणाली, "मागच्या खेपेला हा आवाज आलाच नव्हता रे." आणि रडायला लागली आणि रडता रडता हसायला लागली.

मुलगी झाली होती. नर्सबाईंनी तिला आणून दाखवली, वजनाला थोडी कमी पण ठणठणीत, म्हणाल्या. मी हात पुढे केले, तर त्या म्हणाल्या आधी तो कोट काढा, जरीनं टोचेल. मी बनियनवर तिला घेतली. नाक माझं नव्हतं. विमलचं होतं. मी ते पोट भरून बघितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन चढायच्या आत दवाखान्याच्या फाटकाशी आमचा टेम्पो उभा राहिला. अमळनेरची सुपारी आटोपून घरी जाण्याऐवजी ते उलट्या दिशेला तापी ओलांडून आले होते. मिरवणूक उत्तम झाली होती. धनराजनं पहिली उचल घशातच घालवली, मास्तरांनी क्लॅरोनेटवर उचलून धरली, आणि दुसरीपासून पोरगा असा लागला की शेठनं त्याच्या गळ्यात आपला हार घातला. शेठ चिडले नव्हते का, मी विचारलं. मास्तर म्हणाले, चिडले होते, मग मी खरं सांगितलं. मग त्यांनी पेढ्यांचा डबा दिला, बाळासाठी. बाळ कसं खाणार, म्हणून बाबूनं वाटेत अर्धा संपवला होता.

नर्सबाईंनी एकावेळी दोघांनाच आत सोडलं. आमची माणसं आत जायची आणि बाहेर येऊन अगदी गंभीर चेहऱ्यानं सांगायची की पोरीला ताल आहे. गफूरभाई सगळ्यात शेवटी गेला. तो बाळाकडे आधी गेला नाही. विमलच्या खाटेजवळ स्टुलावर बसला आणि म्हणाला, "बाई, तुमची तब्येत कशी आहे?"

विमलनं मान हलवली, बरी आहे म्हणून. तो तसाच बसून राहिला. मग ती त्याच्याशी बोलत राहिली, बराच वेळ, हळू आवाजात. मी बाळाला घेऊन खिडकीशी उभा होतो. काय बोलली ते मी ऐकलं नाही आणि नंतरही विचारलं नाही.

टेम्पो निघायच्या वेळी डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. इतके बाजेवाले आले आणि नुसते पेढे वाटून चालले, हे त्यांना बरोबर वाटेना. दवाखान्यासमोर मात्र वाजवायचं नाही, त्या म्हणाल्या. रस्त्यापलीकडे शेत आहे, त्याच्या पार टोकाला, निंबाच्या झाडाखाली, आणि एकच गाणं. मास्तरांनी वाकून नमस्कार केला.

ते सगळे रस्ता ओलांडून गेले. मीही ट्रंपेट घ्यायला निघालो, तर मास्तरांनी मान वळवून नुसतं बघितलं. मी थांबलो.

विमलला धरून आम्ही व्हरांड्यात आणलं, भिंतीला टेकून बसवलं. इतर बाळंतिणींच्या सासवा, मुलं, फाटकावरचा पहारेकरी, सगळे कठड्याला येऊन उभे राहिले. दूर झाडाखाली लाल कोट दिसत होते. धनराजनं उचल घेतली. मागून मास्तरांचा क्लॅरोनेट आला, बाबूचा ढोल, आणि मग गफूरभाईचा ताशा, कडकडीत, एकेक ठोका सुटा. मी त्या बँडमध्ये आठ वर्षं वाजवत होतो आणि तो कसा वाजतो हे मला ठाऊक नव्हतं. आत उभं राहिलं की स्वतःचंच ऐकू येतं. वाऱ्याबरोबर तो सूर शेतावरून येत होता, मध्येच मोठा, मध्येच बारीक, आणि कठड्यापाशी एक म्हातारी कमरेवर हात ठेवून नाचायला लागली होती.

बाळ जागं झालं, पण रडलं नाही. विमलनं तिच्या कानावर पदर धरला, तरी ती तिकडेच बघत होती. विमल ऐकत होती, मान किंचित हलवत. मग माझ्याकडे न बघता ती म्हणाली,

"तुमच्याशिवायसुद्धा चांगलं वाजतं हो."

मी इतका हसलो की नर्सबाई धावत बाहेर आल्या.